नोकरीत असताना केलेला अर्ज आणि ‘कळवू नये’ ही एक ओळ

अर्जलेखन आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. प्रति, विषय, महोदय, ‘वरील विषयास अनुसरून’, शेवटी आपला विश्वासू. मुलं ते पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण त्या नमुन्यातला अर्जदार नेहमी बेकार असतो. त्याची पदवी नुकतीच हातात आलेली असते आणि तो ‘संधी द्यावी’ म्हणत असतो. प्रत्यक्षात अर्ज करणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधीच कुठेतरी नोकरी करत असतात. त्यांना एक गोष्ट लिहावी लागते जी कुठल्याच नमुन्यात नाही : मी अर्ज केल्याचं माझ्या सध्याच्या शाळेला इतक्यात कळू देऊ नका.

आमच्या संस्थेच्या निवड समितीवर बसून मी असे बरेच अर्ज वाचले आहेत. ही विनंती केल्यामुळे अर्ज कमजोर होतो असं मला वाटत नाही. वाचणाऱ्यालाही कधीतरी नोकरी बदलावी लागलेली असते, त्याला कारण लगेच समजतं. अर्ज कमजोर होतो तो विनंतीच्या शब्दांमुळे, तिच्या जागेमुळे आणि बाकीच्या अर्जात तिच्याशी न जुळणाऱ्या वाक्यांमुळे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित शाळेत एक बाई सात वर्षं गणित आणि विज्ञान शिकवतात. कायम आहेत. आठवी ते दहावीचे वर्ग त्यांच्याकडे आहेत. त्याच गावातल्या दुसऱ्या संस्थेची डिसेंबरमध्ये जाहिरात आली आहे आणि त्यांना अर्ज करायचा आहे. गाव लहान. दोन्ही मुख्याध्यापक परीक्षा केंद्रावर, विज्ञान प्रदर्शनात, लग्नकार्यात भेटतात. तेव्हा भीती खोटी नाही. पहिल्या कच्च्या अर्जात त्या साधारण असं लिहितील :

‘महोदय, मी सध्या एका नामांकित शाळेत कार्यरत असल्याने हा अर्ज अत्यंत गोपनीय ठेवावा. आमच्या शाळेत समजल्यास मला खूप त्रास होईल. कृपया कोणालाही सांगू नये, ही नम्र विनंती. निवड झाल्यास मी तात्काळ रुजू होण्यास तयार आहे.’

आता हे समितीच्या टेबलावर कसं वाचलं जातं ते बघा. ‘त्रास होईल’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो : तिथे काही भांडण चालू आहे का? ‘कोणालाही सांगू नये’ ही विनंती पाळता येणारच नाही, कारण अर्ज निदान चार माणसं वाचणार आणि लिपिक तो फाइलला लावणार. ‘नामांकित शाळा’ म्हणजे कुठली हेच कळत नाही, त्यामुळे सात वर्षांचा अनुभव हवेत राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटचं वाक्य. सध्याच्या शाळेला काही माहीत नाही आणि तरी तात्काळ रुजू होणार, याचा अर्थ या बाई सूचना न देता वर्ग सोडून येणार. आज तिथून असं येणाऱ्या उद्या इथूनही असंच जातील, हे कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात येतंच.

हा मुद्दा जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यानुसार कायम शिक्षकाने नोकरी सोडताना तीन महिन्यांची सूचना द्यायची असते, कायम नसलेल्याने एक महिन्याची. व्यवस्थापनाची तयारी असेल तर सूचनेऐवजी तेवढ्या काळाचं भत्ते वगळून वेतन भरून लवकर सुटता येतं. सुट्टीच्या काळात सूचना देऊ नये, आणि तिचा काळ सुट्टीवर येईल अशीही देऊ नये, असंही नियमात आहे. आता आपल्या बाईंचा हिशेब करा. उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते असं धरलं, तर तीन महिने मागे मोजून सूचना जानेवारीअखेर द्यायला हवी. म्हणजे गुप्ततेची गरज जन्मभराची नाही. डिसेंबरातल्या अर्जापासून जानेवारीत नियुक्तीपत्र हाती येईपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांची आहे. हे एकदा लक्षात आलं की विनंती आपोआप लहान आणि सरळ होते, कारण तिला शेवट असतो.

तोच मजकूर मग असा लिहिता येईल. हा अर्जाच्या अगदी शेवटी, शिकवण्याचा अनुभव आणि निकाल सांगून झाल्यावर :

‘मी अर्ज करत असल्याचे सध्याच्या शाळेस अद्याप कळवलेले नाही. म्हणून नियुक्ती निश्चित होईपर्यंत तेथे चौकशी करू नये, ही विनंती. त्यानंतर मुख्याध्यापकांशी बोलण्यास माझी हरकत नाही. दरम्यान माझ्या कामाविषयी सोबतच्या दोन व्यक्तींकडे विचारणा करता येईल. त्यांची संमती घेतली आहे. नियुक्तीपत्र जानेवारीअखेर मिळाल्यास नियमाप्रमाणे सूचना देऊन जूनमध्ये शाळा सुरू होताना रुजू होऊ शकेन.’

यात ‘गुप्त’ किंवा ‘गोपनीय’ हा शब्दच नाही. काय करू नये (चौकशी), कुठे करू नये (सध्याच्या शाळेत) आणि कधीपर्यंत, एवढंच आहे. कारण दिलेलं नाही आणि देऊही नये. ‘अद्याप कळवलेले नाही’ यात पुरेसं कारण आलं. माझ्या मते सर्वांत मोलाचं वाक्य तिसरं. मुख्याध्यापकांशी नंतर बोला म्हणणारी बाई तिथे तोंड लपवावं असं काही करून आलेली नाही, हे न सांगता कळतं. हे वाक्य लिहिताना हात अडखळत असेल, तर अडचण पत्रातली नाही. मग मुख्याध्यापकांविषयी मुलाखतीत काय सांगायचं हे आधी ठरवावं.

दोन व्यक्ती कोण? एक आधीच्या शाळेचे मुख्याध्यापक, किंवा सध्याच्याच शाळेतून निवृत्त झालेले विषयशिक्षक, ज्यांनी तुमचा तास पाहिला आहे. दुसरं कोणी प्रशिक्षणातले मार्गदर्शक चालतील. सध्याच्या शाळेतला जवळचा सहकारी शक्यतो नको. तो विश्वासू असला तरी त्याला फोन आला की त्याच्यावर विनाकारण ओझं येतं, आणि फोन स्टाफरूममध्येच वाजतो! विद्यार्थ्याचे पालकही नकोत. आणि संमती आधी घ्या, कारण ‘मला तर माहीतच नव्हतं’ हे उत्तर अर्जाला फार महागात पडतं.

शाळेचं नाव लपवावं का? माझं मत, लपवू नये. समोरची संस्था कोण हे तुम्हाला माहीत आहे, मग त्यांनाही तुमचं ठिकाण कळू द्या. अपवाद एकच : जाहिरातीत संस्थेचं नाव नाही, फक्त बॉक्स क्रमांक आहे. अशी जाहिरात तुमच्याच संस्थेची, किंवा तिच्या दुसऱ्या गावच्या शाखेची असू शकते. तिथे ‘तालुक्याच्या ठिकाणची विनाअनुदानित शाळा, आठवी ते दहावी, वर्गात साधारण पन्नास मुलं, सात वर्षं’ असं वर्णन द्या आणि नाव मुलाखतीला बोलावल्यावर सांगेन असं लिहा. वर्णन जितकं नेमकं, तितका नावाचा अभाव कमी खुपतो. शाळेला नाव नसलं तरी चालेल, कामाचा तपशील मात्र हवा.

विनंती विषयाच्या ओळीत घालू नका, लाल अक्षरांत नको, ठळक तर अजिबात नको. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं की ते आधी उघडून पाहिलं जातं, हा आपल्या कार्यालयांचा जुना स्वभाव!

बातमी बहुतेक वेळा पत्रातून फुटतच नाही. ती शाळेच्या ईमेल पत्त्यावरून अर्ज पाठवल्यामुळे फुटते, शाळेच्या प्रिंटरवर राहिलेल्या पानामुळे फुटते, संपर्कासाठी कार्यालयाचा क्रमांक दिल्यामुळे फुटते. स्वतःचा पत्ता, स्वतःचा मोबाइल द्या आणि ‘संध्याकाळी पाचनंतर फोन करावा’ एवढं जोडा. नमुना पाठासाठी बोलावलं तर शनिवारी दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवता येईल का, असं विचारायला हरकत नाही. कोणतीही शहाणी संस्था याचं वाईट मानत नाही, उलट तुम्ही चालू वर्ग बुडवत नाही हे तिला दिसतं. एका आठवड्यात तीन किरकोळ रजा टाकल्या, तर मात्र मुख्याध्यापकांना कोणी सांगावं लागत नाही.

या ओळीची मर्यादाही सांगायला हवी. ती विनंती आहे, करार नाही. समोरच्याने तरीही फोन केला तर तुमच्या हातात काही नसतं. म्हणून ज्या संस्थेचे आणि तुमच्या व्यवस्थापनाचे घरचे संबंध आहेत, तिथे ओळीवर विसंबू नका. आधी ओळखीतून अंदाज घ्या, किंवा सरळ आपल्या मुख्याध्यापकांना सांगून अर्ज करा. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या सेवेत असणाऱ्यांना तर हा मार्गच नाही. तिथे अर्ज कार्यालयामार्फत, योग्य मार्गाने पाठवायचा असतो आणि ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ‘माझ्या कार्यालयाला कळवू नये’ असं लिहिलेला अर्ज छाननीतच बाजूला पडू शकतो. अनुदानित शाळेत असाल तर जाहिरातीतल्या अटी दोनदा वाचा. ना हरकत प्रमाणपत्र मागितलं असेल, तर सध्याच्या शाळेला सांगणं अर्जाच्या आधी येतं.

आणि मध्येच मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, ‘बाई, तुम्ही तिकडे अर्ज केलाय का?’ तर नाही म्हणू नका. ‘हो सर, केला आहे. अजून काही ठरलेलं नाही. ठरलं तर नियमाप्रमाणे सूचना देईन आणि दहावीचा भाग पूर्ण करून जाईन.’ पत्रात लिहिलेलं आणि इथे बोललेलं एकच असेल, तर उद्या नव्या संस्थेने त्यांना फोन केला तरी उत्तर वेगळं येणार नाही. राजीनामा मात्र नियुक्तीपत्र हातात आल्यावरच. तो दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी पोचपावतीसह स्वतःजवळ ठेवायची.