मागच्या खुरांची जागा

काशीगावातल्या एका तबेल्यात पावसाळ्याच्या तोंडावर नवा कोबा पडला. वीस म्हशी, दहा-दहाच्या दोन ओळी, शेपटीकडे शेपटी करून उभ्या, मध्ये ये-जा करायची वाट आणि तिच्या दोन्ही कडांना नाली. मालकाने पैशात हात आखडला नव्हता. म्हशीला ऐसपैस उभे राहता यावे म्हणून गव्हाणीपासून नालीपर्यंत पूर्ण सात फूट जागा सोडली होती. महिन्याभराने मी गेलो तेव्हा जवळजवळ प्रत्येक म्हशीच्या एका मांडीवर शेणाची जाड पोपडी धरलेली होती आणि कासेच्या मागच्या बाजूलाही तीच. मालक म्हणाले, ‘‘दिवसातून तीनदा पाणी मारतो. आणखी काय करायचं?’’

खरी चूक त्या सात फुटांत होती. पाण्याने ती झाकली जात होती, मिटत नव्हती. ती समजण्यासाठी आधी इथली जागा आणि हवा पाहावी लागते.

मुंबई शहरातल्या म्हशी बाहेर हलवाव्यात म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पुढे शहर वाढले तसे तबेलेही महामार्गाच्या कडेने उत्तरेला सरकले. काशीमिरा-काशीगावचा पट्टा त्याच वाटेवरचा. इथे जागा महाग आणि चार महिने हवा इतकी दमट, की ओली केलेली फरशी दुसऱ्या धुलाईपर्यंत सुकत नाही. म्हणून इथल्या गोठ्याला देशावरच्या गोठ्याचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देशावर मुरुमाची जमीन मूत्र पिऊन टाकते, वरून ऊन-वारा उरलेले सुकवतो. इथे जे काही कोरडे राहायचे ते उतारानेच राहते.

पण उताराच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि बहुतेक तबेल्यांत ती कुणी ठरवतच नाही: जनावराचे मागचे खूर कुठे टेकणार? म्हैस शेण टाकते ते बहुतेकदा उभी असताना, किंवा बसलेली उठल्या उठल्या. ते शेण खुरांच्या मागे वीतभर अंतरात पडते. मागचे खूर नालीच्या काठाजवळ असतील तर ते नालीत जाते. खूर काठापासून दीड फूट आत असतील तर ओट्यावर पडते आणि तीच म्हैस थोड्या वेळाने त्याच शेणावर बसते. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. मुऱ्हा जातीच्या पूर्ण वाढलेल्या म्हशीला गव्हाण बुटकी असेल तर १७० सेंटिमीटरच्या आसपास जागा पुरते. उरलेले सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर म्हणजे शेण साठायचा पट्टा. मालकाने मायेपोटी दिलेली जागा म्हशीच्या कासेवर उतरली होती.

जागा कमी पडली तर उलटे होते. मागचे पाय नालीत उतरतात, म्हैस बसली की कास नालीच्या काठावर येते, सड दगडावर घासतात. तेव्हा ‘जास्तच ठेवू, कमी नको’ असे म्हणूनही सुटका नाही. जाफराबादी अंगाने लांब, पहिलटकरीण आखूड. जुन्या जाणत्या बांधकामात यावर एक उपाय असे: ओळीच्या एका टोकाला १७५ सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला १६०, मधली नाली किंचित तिरकी. मोठ्या म्हशी लांब टोकाला बांधायच्या, लहान आखूड टोकाला. खर्च काही वाढत नाही, फक्त दोरी धरणाऱ्या मिस्त्र्याला आधी सांगावे लागते.

त्या तबेल्यात आम्ही कोबा फोडला नाही. एक ओळ निवडली. गव्हाणीच्या अलीकडे चाळीस सेंटिमीटरवर एक बांबू आडवा बांधला, दावी त्या बांबूला आखूड करून बांधली आणि आठवडाभर वैरण घमेल्यांतून बांबूच्या पलीकडे ठेवली. रोज सकाळी खडूने शेण कुठे पडले तिथे खूण केली. तिसऱ्या दिवसापासून बहुतेक खुणा नालीत किंवा तिच्या काठावर यायला लागल्या. दोन म्हशी मात्र बांबूमुळे बसायला कचरत होत्या. कारण सरळ होते. गाय असो की म्हैस, उठताना आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी डोके जोरात पुढे झोकते. पुढे आडकाठी असेल तर उठणे कष्टाचे होते आणि ती बसणेच टाळते. बांबू खाली उतरवला, गळ्याच्या पातळीखाली आणला, तेव्हा त्याही बसल्या. मग फक्त गव्हाणीची आतली भिंत म्हशीच्या बाजूला चाळीस सेंटिमीटर पुढे घेतली. संपूर्ण ओटा फोडण्याऐवजी एका भिंतीवर काम भागले.

गव्हाणीकडे ‘चारा घालायची टाकी’ म्हणून पाहिले की पुढच्या चुका होतात. जनावर उभे कुठे राहणार हे तीच ठरवते. तिचा तळ म्हशीच्या पायांच्या पातळीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर वर हवा. तळ पायांच्या पातळीत असेल तर म्हैस पुढे ताणून, गुडघे वाकवून खाते आणि पुढचे खूर घसरतात. म्हशीच्या बाजूची भिंत पन्नासेक सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर मान घासून चट्टे पडतात आणि डोके पुढे झोकायला वाव राहत नाही. आतले कोपरे गोल हवेत. इथे म्हशीला भिजवलेले आंबोण, चुणी, पेंड जाते. काटकोनी कोपऱ्यात ते अडकून आंबते, त्यावर उंदीर येतात. उंदरांचे मूत्र आणि साचलेले पाणी एकत्र आले की लेप्टोचा धोका जनावरालाही आणि ते साफ करणाऱ्या माणसालाही. आंबलेला चारा आणि लाळ सिमेंट खात जातात, काही वर्षांत खडी वर येते. म्हणून तळाला गुळगुळीत चिनी मातीची फरशी किंवा अर्धगोल नळी बसवावी. गुळगुळीतपणा गव्हाणीत हवा, पायाखाली नको. आणि गव्हाण धुतलेले पाणी टोकाच्या बुचातून वेगळे बाहेर गेले पाहिजे. ते ओट्यावर सांडत असेल तर म्हशीचे पुढचे गुडघे सतत ओले राहतात.

आता उतार. ओट्याला पन्नासात एक उतार पुरतो, म्हणजे १७० सेंटिमीटर लांबीत साडेतीन सेंटिमीटरची उतरण. डोळ्याला ती जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे मिस्त्री ‘पाणी थांबेल’ म्हणून हात सैल सोडतो. त्या तबेल्यात उतार विसात एकच्या घरात होता. म्हैस दिवसभर मागे कललेली उभी राहते. पोटातल्या रेडकाचे ओझे मागे ढकलले जाते आणि शेवटच्या महिन्यांत अंग बाहेर यायचा धोका वाढतो. अंग बाहेर आलेल्या जनावराला मागचा भाग उंच करून उभे करतात. मग बांधतानाच मागचा भाग खोल ठेवणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. ओल्या गुळगुळीत कोब्यावर मोठा उतार असला की घसरणेही आलेच. म्हैस पाय फाकवून पडली तर बहुधा पुन्हा उठत नाही.

पकडीसाठी कोबा ओला असतानाच एक सेंटिमीटर खोल खाचा, दहा सेंटिमीटरच्या अंतराने, तिरप्या चौकटी पाडाव्यात. दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेषा नालीकडेच उतरल्या पाहिजेत. ओळीला समांतर पाडलेली खाच मूत्र धरून ठेवते आणि खूर त्यातच भिजत राहतो. सततच्या ओलीने खुराचे शिंग मऊ पडते, खडी लागली की फाटते. रबरी मॅट टाकली तरी हा हिशेब चुकत नाही. मॅटखाली उतार नसेल तर मूत्र खाली साचते आणि वरून काही कळत नाही, वासाने कळते.

नालीचे गणित मला सगळ्यात जास्त वेळा चुकलेले दिसले आहे, म्हणून ते आकड्यांनिशी सांगतो. दहा म्हशी, प्रत्येकी १२० सेंटिमीटर रुंदी, म्हणजे नाली १२ मीटर लांब. पुस्तकात नालीला साठात एक उतार लिहिलेला असतो. बारा मीटरला तो २० सेंटिमीटर होतो. सुरुवातीला ५ सेंटिमीटर खोल असलेली नाली शेवटच्या म्हशीपाशी २५ सेंटिमीटर खोल! त्या खड्ड्यात पाय गेला तर मोडतो. म्हणून नालीचा उंचवटा मधोमध ठेवायचा आणि दोन्ही टोकांकडे सहा-सहा मीटर उतरवायचे. उतारही शंभरात एक, कारण शेण फावड्याने उचलायचे आहे, नालीतून फक्त मूत्र आणि थोडे पाणी वाहणार आहे. मग मध्ये ५ आणि टोकांना ११ सेंटिमीटर खोली येते. रुंदी तीस सेंटिमीटर, तळ गोल, म्हणजे फावडे सरळ जाते. दोन टोके म्हणजे दोन खड्डे बांधावे लागतात. तो खर्च आहे, पण म्हशीच्या पायापेक्षा कमीच.

फावड्याने उचलण्याचा आग्रह का, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनुसार साधारण ४०० किलोचे जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि तितकेच लिटर मूत्र टाकते. वीस जनावरांचे शेण तीन-चारशे किलो झाले. ते पाइपाने ढकलले तर आधी नाली तुंबते, मग टाकी, मग बाहेरचा नाला. आणि प्रत्येक धुलाईने ओटा पुन्हा ओला होतो. आधी खोरणे, मग खराटा, आणि पाणी सकाळी दूध काढण्याच्या बरेच आधी एकदा, हा क्रम लावला की पावसाळ्यातही ओटा दुपारपर्यंत सुकतो.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट काशीगावात आहे. डोंगराकडून उतरणारे पाणी आणि भरतीच्या वेळी मंदावणारे नाले यांमुळे जोराच्या पावसात बाहेरचे गटार वर येते. गोठ्याची नाली त्याच पातळीवर सोडली असेल तर घाण उलटी आत शिरते. जोत्याची उंची अंगणाच्या वर निदान दीड फूट हवी, आणि नालीचे तोंड शेजारच्या गटारात न सोडता आपल्याच गाळ-खड्ड्यात, जाळी लावून.

काम पुरे झाले की बादलीभर पाणी गव्हाणीजवळ ओतावे आणि पाव तास थांबावे. जिथे डबके उरले तिथे खडूने वर्तुळ काढून, मिस्त्र्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी ते घासून घ्यावे. नंतरची तपासणी म्हशीच्या अंगावर होते. एका मांडीवर पोपडी म्हणजे ओटा लांब. फक्त मागचे घोटे आणि शेपटीचा गोंडा बरबटलेला म्हणजे नाली जवळ किंवा तुंबलेली. पुढचे गुडघे ओले म्हणजे गव्हाण गळते. कास स्वच्छ पण खूर मऊ, तर उतारात कुठेतरी खळगा आहे.

भिंत पुढे घेतल्यावर महिन्याने मी पुन्हा गेलो. मालक न बोलता एका म्हशीच्या मांडीवरून हात फिरवत उभे होते. तळहात कोरडा होता. धुलाई तीनदाची एकदा झाली होती. दुसरी ओळ मात्र अजून सात फुटांचीच होती, आणि तिथल्या म्हशींच्या मांड्या पूर्वीसारख्याच.