कार्डाचे टोकन झाले, पत्त्याचे काय?

मुंबई : मे २०२१ मध्ये डॉमिनोज पिझ्झाच्या भारतातील सुमारे १८ कोटी ऑर्डरचा तपशील हाती लागल्याचा दावा करणाऱ्यांनी तो डार्क वेबवर शोधता येईल अशा स्वरूपात खुला केला. मोबाईल क्रमांक टाकला की त्या क्रमांकावरून कधी, कोणत्या पत्त्यावर आणि किती रुपयांची मागणी नोंदवली गेली, हे दिसू लागले. ही साखळी चालविणाऱ्या ज्युबिलंट फूडवर्क्स कंपनीने माहिती-सुरक्षेला तडा गेल्याचे मान्य केले. मात्र ग्राहकांच्या कार्डांचा तपशील आपण साठवतच नाही, त्यामुळे आर्थिक माहिती बाहेर गेलेली नाही, असेही तिने स्पष्ट केले.

कंपनीचे म्हणणे ग्राह्य धरले, तरी ज्या ग्राहकाच्या घराचा पत्ता आणि सवयी उघड झाल्या त्याला त्यातून फारसा दिलासा मिळत नाही. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या यंत्रणांच्या बाबतीत देशात नेमके हेच घडले आहे. कार्डाच्या क्रमांकाभोवती भक्कम भिंत उभी राहिली. त्याच ऑर्डरमधील नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक मात्र भिंतीबाहेरच राहिले.

भिंत उभारली ती रिझर्व्ह बँकेने. व्यापाऱ्यांनी कार्डाचा तपशील साठवू नये, ही अट मार्च २०२० मधील पेमेंट ॲग्रीगेटरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत होती. सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने तिची व्याप्ती वाढविली. कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क वगळता व्यवहाराच्या साखळीतील कोणीही मूळ क्रमांक जवळ ठेवू नये, असा दंडक त्यात घालण्यात आला. १ जानेवारी २०२२ ही मुदत दोनदा वाढली आणि अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम लागू झाला. विक्रेत्याला जवळ ठेवता येतात ते केवळ कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव, तेही व्यवहारांचा ताळमेळ घालण्यापुरते.

मूळ क्रमांकाच्या जागी येते ते टोकन. ग्राहकाने संकेतस्थळावर कार्ड जतन करण्यास संमती दिली आणि ओटीपी टाकून ती पक्की केली, की व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे नेटवर्क एक वेगळा क्रमांक तयार करते. तो दिसतो कार्डासारखाच, बहुधा १६ अंकी. परंतु तो त्या कार्डासाठी, त्या टोकन मागणाऱ्या संस्थेसाठी आणि त्या विक्रेत्यासाठीच वैध असतो. त्यामुळे एकच कार्ड पाच दुकानांत जतन केले तर पाच निराळी टोकन तयार होतात. शिवाय जतन केलेल्या टोकनावरून पैसे वळते करताना दरवेळी एक एकवापरी सांकेतिक मजकूर नेटवर्ककडून घ्यावा लागतो. एका दुकानातून चोरलेले टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही, आणि त्या एकवापरी मजकुराविना पहिल्या दुकानातही ते निरुपयोगी ठरते. टोकनावरून मूळ क्रमांक काढण्याचे गणिती सूत्रही नसते. त्या दोहोंची जोडी केवळ नेटवर्कच्या किंवा बँकेच्या तिजोरीत असते.

येथे एक गल्लत वारंवार होते. काही यंत्रणा कार्ड क्रमांकाचा ‘हॅश’, म्हणजे सूत्राने काढलेली सांकेतिक खूण, जपून ठेवतात आणि त्यालाच सुरक्षा मानतात. हिशेब करून पाहिला तर हा भ्रम टिकत नाही. १६ अंकी कार्डाचे पहिले सहा अंक बँक व कार्डाचा प्रकार सांगतात, शेवटचे चार बिलावर छापलेले असतात. उरतात मधले सहा अंक, म्हणजे १० लाख शक्यता. कार्डाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरत असल्याने त्या कसोटीला केवळ एक लाख क्रमांक उतरतात. कोणत्या सूत्राने खूण काढली हे ठाऊक असेल आणि त्यात गुप्त किल्ली मिसळलेली नसेल, तर साधा संगणक हे एक लाख क्रमांक क्षणार्धात ताडून मूळ क्रमांक शोधतो. टोकन अशा रीतीने उलगडत नाही, कारण ते क्रमांकावरून काढलेलेच नसते.

तरीही टोकनाला मर्यादा आहे. ते साठवलेल्या माहितीचे रक्षण करते, टंकल्या जाणाऱ्या माहितीचे नव्हे. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील मजकुरात चोरट्यांनी आपल्या आज्ञावलीची भर घातली आणि प्रवासी टंकत असतानाच कार्डांचा तपशील दुसरीकडे वळविला. त्या प्रकरणी ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. यावरचा उपाय म्हणजे कार्डाचा तपशील विक्रेत्याच्या पानावर मुळीच घेऊ नये. ग्राहकाला थेट पेमेंट ॲग्रीगेटरच्या पानावर न्यावे. लहान विक्रेत्यांसाठी हाच मार्ग सोपा आणि स्वस्तही आहे.

कार्डापलीकडचा प्रश्न उदाहरणाने स्पष्ट होईल. सोलापूरचा एक विक्रेता स्वतःच्या संकेतस्थळावरून चादरी विकतो आणि इंदूरच्या एका ग्राहकाने १,८५० रुपयांच्या दोन चादरी मागविल्या, असे समजू. तयार साच्यावर बनविलेल्या अर्जात नाव, मोबाईल, ईमेल आणि पत्त्याबरोबर जन्मतारीख व लिंग यांचेही रकाने आहेत. चादर पोहोचविण्यासाठी शेवटच्या दोहोंची गरज नाही. ते अर्जातूनच काढून टाकणे योग्य. न घेतलेली माहिती गळण्याची भीती नसते.

पैसे जमा झाल्यावर विक्रेत्याकडे उरतो पेमेंट ॲग्रीगेटरने दिलेला व्यवहार क्रमांक. परताव्यासाठी कार्डाचा तपशील लागतो, असा समज लहान व्यावसायिकांत अजून आढळतो. प्रत्यक्षात परतावा त्या व्यवहार क्रमांकावरच दिला जातो आणि रक्कम मूळ कार्डावर आपोआप पोहोचते.

पुढे प्रत्येक रकान्याचे आयुष्य वेगळे होते. मोबाईल क्रमांक कुरिअरला हवा असतो. माल पाच दिवसांत पोहोचला, परत करण्याची मुदत दहा दिवसांची असली आणि परताव्यास आठवडा लागला, तरी महिन्याभरानंतर रोजच्या कामात त्या क्रमांकाचे प्रयोजन उरत नाही. पत्ता थोडा अधिक काळ लागतो, कारण माल मिळालाच नाही अशी तक्रार ग्राहक बँकेकडे करू शकतो आणि बहुतेक प्रकारांत त्यासाठी सुमारे १२० दिवसांची मुदत असते. बिल मात्र वस्तू व सेवा कर कायद्यानुसार त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. परंतु बिलावर ग्राहकाचा मोबाईल किंवा ईमेल असावा, अशी त्या कायद्याची अपेक्षा नाही. ‘कराचे कागद सहा वर्षे ठेवावे लागतात’ या सबबीखाली सगळाच तपशील सहा वर्षे पडून राहतो, तो या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने.

चोरट्याला काय हवे असते, हे पाहिले तर महिनाभराची ही मर्यादा क्षुल्लक वाटत नाही. ‘तुमच्या सोलापुरी चादरींचे पार्सल इंदूरमध्ये अडकले आहे, पत्ता निश्चित करण्यासाठी पाच रुपये भरा’ असा फोन आला आणि रक्कम, वस्तू, तारीख अचूक सांगितली गेली, तर सावध माणूसही फसतो. या फसवणुकीला कार्डाचा क्रमांक लागत नाही. ताजी ऑर्डर लागते.

विक्रेत्याने सर्व काळजी घेतली तरी माहिती आडवाटेने साठतच राहते. यंत्रणेतील बिघाड शोधण्यासाठी तंत्रज्ञ आलेला प्रत्येक अर्ज जसाच्या तसा नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरवून ठेवतात. कुरिअरसाठी पत्त्यांची एक्सेल फाईल व्हॉट्सॲपवर फिरते. पैसे अडकले म्हणून घाबरलेला ग्राहक कार्डाचे छायाचित्रच मदत कक्षाला पाठवून देतो. मुख्य डेटाबेसमधून क्रमांक पुसला, तरी या तिन्ही ठिकाणी आणि जुन्या बॅकअपमध्ये तो शिल्लक असतो.

हे ओळखण्याची एक पद्धत आहे. लॉग आणि बॅकअपमध्ये १३ ते १९ अंकी सलग क्रमांक शोधायचे आणि शेवटच्या अंकाची कसोटी लावून कार्डासारखे दिसणारे बाजूला काढायचे. अडचण एवढीच, की टोकनही याच कसोटीला उतरतात, त्यामुळे खोटे इशारे पुष्कळ मिळतात. टोकनांसाठी नेटवर्क स्वतंत्र आरंभीचे अंक राखून ठेवतात. ॲग्रीगेटरकडून ती यादी घेऊन ताडली, तर खरे कार्ड क्रमांक वेगळे होतात. ग्राहकाने स्वतः चाचणी करावी अशीही एक जागा आहे. ऑर्डरच्या पानाच्या पत्त्यात क्रमाने वाढणारा आकडा दिसत असेल आणि लॉगइन न करताही ते पान उघडत असेल, तर शेजारच्या ऑर्डरही कोणालाही दिसत असण्याची शक्यता मोठी आहे. असे पान आढळल्यास इतरांच्या ऑर्डर न चाळता विक्रेत्याला कळविणेच योग्य.

कायद्याची बाजू सध्या संक्रमणात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नमूद हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती घेण्याचे आणि हेतू संपल्यावर ती पुसण्याचे बंधन घातले. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यांतील दोन तरतुदी मात्र कमीत कमी माहिती ठेवण्याच्या तत्त्वाला छेद देतात. दोन कोटी किंवा अधिक नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना निष्क्रिय ग्राहकाची माहिती पुसण्यासाठी तीन वर्षांची मुभा आहे. तर दुसरीकडे शासकीय तपासाच्या गरजेसाठी माहिती आणि लॉग किमान एक वर्ष जतन करण्याचे बंधन लहानमोठ्या सर्वांवर येते.

त्यामुळे सोलापूरच्या त्या विक्रेत्याला मे २०२७ नंतर ग्राहकाचा मोबाईल क्रमांक महिन्याभराने पुसता येईल असे दिसत नाही. त्याला तो रोजच्या वापराच्या तक्त्यातून काढून वेगळ्या, कूटबद्ध साठ्यात ठेवावा लागेल, त्याची किल्ली एकदोघांपुरती मर्यादित ठेवावी लागेल आणि वर्ष संपताच तो नष्ट करावा लागेल. कार्डासाठी ही तिजोरी व्हिसा, मास्टरकार्ड आणि रुपे यांनी आयती उभी करून दिली. पत्त्यासाठी मात्र ती प्रत्येक दुकानदाराने स्वखर्चाने बांधायची आहे.