मालकाच्या हातातली धमकी

पाथरी, मानवत, सेलूकडची मुले आता ऑस्ट्रेलियात शिकायला जाऊ लागली आहेत. मागे शैक्षणिक कर्ज असते. त्यामुळे मेलबर्नला पोहोचताच पहिल्या महिन्यात मुलगा हाती लागेल ते काम धरतो, बहुधा पेट्रोलपंप, हॉटेल किंवा दुकान. अडवणूक इथूनच सुरू होते.

तिचा नमुना २०१५ मध्ये उघड झालेल्या ‘सेव्हन-इलेव्हन’ दुकानांच्या प्रकरणात स्वच्छ दिसतो. तेव्हा विद्यार्थ्यांना पंधरवड्याला ४० तासच काम करण्याची परवानगी होती. काही दुकानचालक मुलांकडून दुप्पट तास काम करून घेत, पण वहीत निम्मेच तास दाखवत आणि पगार तेवढ्याचाच देत. कागदोपत्री दर कायदेशीर दिसायचा, प्रत्यक्षात तो निम्म्यावर यायचा. मुलगा बोलला तर ‘तू जास्त तास काम केलेस हे व्हिसा खात्याला कळवतो’ ही धमकी तयार असे. मुलाने नियम मोडलेला होताच, आणि तो मोडायला लावणाऱ्याच्याच हातात ते शस्त्र होते. गवगवा झाल्यावर कंपनीने कामगारांना १७ कोटी डॉलरहून अधिक थकबाकी परत केली.

त्यानंतर कायदा बदलला, पण ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. व्हिसाची भीती घालून कामगाराला कमी पगारावर किंवा बेकायदा अटींवर राबवणे हा १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात फौजदारी गुन्हा आहे. पिळवणुकीची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याने कामाच्या तासांची अट मोडली असली, तरी ठरावीक अटींवर त्याचा व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळते. त्यासाठी सरकारमान्य संस्थेचे, म्हणजे काही कामगार संघटना किंवा मोफत कायदा केंद्रांचे, प्रमाणपत्र लागते आणि पुढे व्हिसाच्या अटी पाळण्याची हमी द्यावी लागते. ‘तक्रार केली की घरी पाठवतील’ हा समज आता सरसकट खरा नाही. मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही, मागावे लागते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी अशा केंद्राचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

हिशेब कसा मांडायचा तेही पाहू. १ जुलै २०२५ पासून तिथले किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले. हंगामी कामगाराला त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे साधारण ३१.१९ डॉलर. एखाद्याला रोख १५ डॉलर मिळत असतील आणि तो आठवड्याला २० तास काम करत असेल, तर दर आठवड्याला सुमारे ३२४ डॉलर बुडतात. पगाराची चिठ्ठी न देणे, पगार बँकेत टाकून काही रक्कम रोख परत मागणे, किंवा ‘आधी एबीएन, म्हणजे व्यवसाय क्रमांक, काढ, मग काम’ म्हणून नोकराला कागदावर ठेकेदार करणे, ही ओळखण्याच्या खुणा.

पुराव्याची चिंता करू नये. मालकाने नोंदी ठेवल्याच नसतील, तर दावा खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा त्याच्यावर येते. तरी मुलाने रोजचे तास स्वतःच्या वहीत मांडावेत, व्हॉट्सअॅपवर आलेले ड्युटीचे तक्ते जपावेत. सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते.

दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे सरकारचे फेअर वर्क ओम्बुड्समन कार्यालय, दूरध्वनी १३ १३ ९४. इंग्रजीची अडचण असेल तर १३१ ४५० वर दुभाषा मिळतो. हे कार्यालय प्रत्येक छोटे प्रकरण स्वतः लढवत नाही, हे आधीच समजून घ्यावे. अनेकदा ते मालकाला पत्र कसे लिहायचे ते सांगते आणि एक लाख डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी असलेल्या सोप्या न्यायालयीन मार्गाकडे पाठवते.

मारहाण किंवा छेडछाडीचा प्रसंग असेल तर आधी ००० वर पोलीस. असा प्रकार विद्यापीठात घडला आणि तक्रार विद्यापीठाने दाबली, तर फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय विद्यार्थी ओम्बुड्समनकडे जाता येते. भारतीय दूतावास थकलेला पगार वसूल करून देऊ शकत नाही. पण पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल, मूल संकटात अडकले असेल, तर दूतावासाने मदत करणे अपेक्षित आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे. पाथरीतल्या आईवडिलांनाही परराष्ट्र मंत्रालयाच्या madad.gov.in वर मुलाच्या वतीने तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट घरच्यांनीही टाळावी. मुलगा फोनवर अडचण सांगू लागला की ‘कर्जाचे हप्ते चालू आहेत, सांभाळून घे’ असे आपल्याकडून निघते. त्याऐवजी ‘पगाराची चिठ्ठी मिळते का?’ हा प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारावा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर वही त्याच दिवशी सुरू करायला सांगावे.