नऊ मिनिटांचा फोन

मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. नेहमीच्याच आवाजात बोलली. लेकीच्या परीक्षेची चौकशी केली, काकांच्या जुन्या सायकलची आठवण काढली, मग "झोप आता" म्हणून फोन ठेवला. नऊ मिनिटं बोललो आम्ही. सकाळी सातला तिचा पुन्हा फोन, घाबरलेला. "अगं, रात्री घरात कुणीतरी शिरलं होतं."

ओट्यावर कांदा चिरलेला, पोहे भिजवून ठेवलेले, शेगडीवर रिकामी कढई आणि खाली ज्योत बारीक जळतेय. दाराची कडी मात्र आतून लावलेली. "रात्री आपण बोललो तेव्हा काही आवाज आला होता का?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "आपण कधी बोललो?"

मावशी ६६ वर्षांची, एकटी राहते. तीन आठवड्यांपूर्वी तिला झोपेसाठी झोल्पिडेमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली होती. त्या रात्री सर्दी होती म्हणून तिने सर्दीची गोळीही घेतली. साडेदहाला झोपेची गोळी घेतली आणि अंथरुणावर न पडता मालिका बघत बसली.

झोल्पिडेम, झोपिक्लोन, एस्झोपिक्लोन ही एकाच घराण्यातली औषधं. मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम ही औषधं वाढवतात. झोल्पिडेमचा अंमल अर्ध्या तासात चढू लागतो. अडचण अशी की सगळा मेंदू एकदम झोपत नाही. हातापायांना सवयीची कामं जमतात, बोलणंही जमतं, पण भान आणि नवी आठवण नोंदवणारी यंत्रणा बंद पडलेली असते. म्हणजे मावशी आमचं बोलणं विसरली नव्हती. ते तिच्या डोक्यात लिहिलंच गेलं नव्हतं. म्हणून "नीट आठवून बघ" असं तिला कितीही म्हटलं तरी उपयोग नव्हता. गोळी घेऊन जागं राहिलं, की अशा नोंद न झालेल्या वेळेला वाव मिळतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या स्वतःच सुस्ती आणतात, दारूही तेच करते, आणि अशी जोड मिळाली की धोका वाढतो.

हे स्वयंपाकघरातच थांबतं असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत केरी केनेडी, म्हणजे रॉबर्ट केनेडींची मुलगी, सकाळी गाडी घेऊन निघाल्या आणि महामार्गावर एका ट्रकला घासून तशाच पुढे गेल्या. पुढे त्या स्टिअरिंगवर कलंडलेल्या सापडल्या. थायरॉइडच्या गोळीऐवजी चुकून झोल्पिडेम घेतली गेली आणि गाडी चालवल्याचं आठवत नाही, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. २०१४ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. आपल्याकडे बीपी, थायरॉइड आणि झोपेची गोळी एकाच प्लॅस्टिकच्या डबीत असतात, म्हणून मला हे प्रकरण फार जवळचं वाटतं.

अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी नेहमीच्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं. वयस्कर माणसांनाही ५ मिलिग्रॅमच सांगितलेली असते. २०१९ मध्ये त्यांनी झोपेतल्या अशा वागण्याबद्दल या औषधांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला. त्यांच्यापुढे २६ वर्षांतल्या ६६ गंभीर घटना होत्या, त्यांत २० मृत्यू. प्रकार विरळाच, पण काहींच्या बाबतीत तो पहिल्याच गोळीनंतर, कमी डोसवरही घडला होता. म्हणून एकदा असं झालं की डोस अर्धा करून भागत नाही, ते औषध त्या माणसाला पुन्हा द्यायचं नाही, असा नियम त्यांनी घातला.

मला सर्वात जास्त खटकतं ते हे, की ज्याला हे घडतं तो डॉक्टरांना सांगूच शकत नाही. त्याच्या लेखी तो रात्रभर झोपलेला असतो. खुणा बाहेरच शोधाव्या लागतात. फोनमधला न आठवणारा कॉल, धुतलेली नसलेली बशी, जागा बदललेली गाडी, पाकिटात एक गोळी कमी. शेवटची खूण वाईट, कारण पहिली घेतल्याचं न आठवून माणूस दुसरी घेतो.

त्याच सकाळी मी तिच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. कढईचा फोटोही पाठवला. त्यांनी गोळी बंद केली. तीन आठवड्यांचीच सवय होती म्हणून ते सोपं गेलं. महिनोन्महिने रोज घेणाऱ्याने आपल्या मनाने एकदम तोडू नये, झोप आणखी बिघडते, असंही ते म्हणाले.

संध्याकाळी मावशीने विचारलं, "मी त्या फोनवर काय बोलले गं?" मी सायकलचं सांगितलं. ती काकांची सायकल कुणाला दिली, ते तिने मला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.