फक्त ‘सीटी पोट’ लिहून भागत नाही

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरहून सीटी स्कॅनसाठी हिंगोली किंवा नांदेडची वाट धरावी लागते. रुग्ण मजूर असेल तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत आलेल्या माणसाचीही बुडते. एवढे करून तो खिडकीवर जी चिठ्ठी पुढे करतो, तिच्यावर अनेकदा नाव, वय आणि ‘सीटी अ‍ॅब्डोमेन’ एवढेच लिहिलेले असते. पोटाची सीटी का काढायची, याचा उल्लेखच नसतो. हे कारण म्हणजे शोभेचा मजकूर नव्हे. सीटी कशी काढायची, हे त्यावरूनच ठरते.

सीटीचे यंत्र एकदा सुरू केले की पोटातले सगळे दिसते, असा समज आहे. प्रत्यक्षात ‘पोटाची सीटी’ ही एक तपासणी नसून अनेक तपासण्यांचे एकत्रित नाव आहे. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन द्यायचे की नाही, दिल्यावर किती वेळाने चित्रे घ्यायची आणि ती किती वेळा घ्यायची, हे रेडिऑलॉजिस्ट आधी ठरवतो. या ठरवण्यालाच प्रोटोकॉल म्हणतात. अनेक केंद्रांवर चित्रे तंत्रज्ञ काढतो आणि अहवाल दुसऱ्या शहरात बसलेला रेडिऑलॉजिस्ट देतो. अशा ठिकाणी रुग्णाबद्दल सांगणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे चिठ्ठी.

एकाच तक्रारीचे दोन रुग्ण समजा. दोघांच्याही लघवीतून रक्त जाते आणि दोघांच्याही चिठ्ठीवर ‘सीटी अ‍ॅब्डोमेन’ आहे.

पहिला तीस वर्षांचा आहे आणि उन्हात शेतकाम करतो. पहाटेपासून उजव्या कुशीत कळा येत आहेत, त्या जांघेपर्यंत उतरतात आणि उलटीही झाली आहे. इथे संशय मूतखड्याचा. त्याला कॉन्ट्रास्टविना, कमी किरणमात्रेची साधी सीटी पुरते. जवळपास सर्व प्रकारचे खडे तिच्यात पांढरे ठिपके म्हणून दिसतात, अगदी साध्या एक्स-रेत न दिसणारे युरिक अ‍ॅसिडचे खडेसुद्धा. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी दिसला तर रुग्णाला पालथे झोपवून पुन्हा तेवढाच भाग पाहतात. खडा मूत्राशयात पडलेला असेल तर तो पुढे घरंगळतो आणि नळीत अडकलेला असेल तर जागचा हलत नाही. याच रुग्णाला थेट इंजेक्शन देऊन उशिरा चित्रे घेतली तर पंचाईत होते. कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडातून लघवीत उतरते आणि तेही पांढरेच दिसते. मग दोन-तीन मिलिमीटरचा खडा त्या पांढऱ्या रंगात लपतो.

दुसरा अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि अनेक वर्षे विडी ओढतो. पंधरा दिवसांत तीन वेळा लघवी लाल झाली, पण दुखले काहीच नाही. दुखत नाही म्हणून तो निर्धास्त आहे, मात्र डॉक्टरला काळजी वाटावी अशी हीच गोष्ट आहे. इथे मूत्रमार्गातील गाठ शोधायची असते. तिचा करडा रंग आजूबाजूच्या लघवीच्या रंगाशी इतका मिळताजुळता असतो की साध्या सीटीत ती सहज सुटते. म्हणून या तपासणीत साधारणपणे तीनदा चित्रे घेतात. पहिल्यांदा इंजेक्शनविना, खड्यासाठी. दुसऱ्यांदा इंजेक्शननंतर सुमारे दीड मिनिटाने, मूत्रपिंडातील गाठीसाठी. तिसऱ्यांदा सुमारे दहा मिनिटांनी, लघवीचा मार्ग कॉन्ट्रास्टने भरल्यावर. त्या वेळी गाठ असलेल्या जागी पांढऱ्या रंगात काळपट खाच दिसते.

या दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर काय होईल? तरुणाला नको असलेले इंजेक्शन आणि कित्येक पट जास्त किरणमात्रा मिळेल. वयस्काला ‘खडा नाही’ असा अहवाल मिळेल. तो खराही असेल, पण त्याच्या आजाराचा प्रश्न त्यात विचारलेलाच नसेल. तो समाधानाने गावी परतेल आणि गाठ वाढत राहील. चिठ्ठीवर कारणच नसेल तेव्हा ही अदलाबदल न करताही घडते, कारण केंद्राला त्या दिवशी जे सोयीचे असेल तेच केले जाते.

यावर उपाय दोन ओळींचा आहे. पहिल्या रुग्णासाठी: ‘पहाटेपासून उजव्या कुशीत कळा, लघवीत रक्त, ताप नाही. मूतखडा? जागा व आकार कळावा.’ दुसऱ्यासाठी: ‘१५ दिवसांत ३ वेळा वेदनेशिवाय लाल लघवी, विडीचे व्यसन. मूत्रमार्गात गाठ? क्रिएटिनिन १.१.’ यात तक्रार, तिचा काळ, संशय आणि विचारायचा प्रश्न सगळे आले. इंजेक्शन लागण्याची शक्यता असेल तर क्रिएटिनिन, मधुमेहाच्या गोळ्या आणि पूर्वी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली होती का, हेही लिहावे. बाई प्रसूतीच्या वयातली असेल तर पाळीची तारीख हवी. कळांसोबत ताप असेल तर तो शब्द कधीच वगळू नये. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग ही तातडीची बाब आहे. अशा वेळी अहवाल रांगेत न ठेवता डॉक्टरांना फोनवर सांगावा लागतो.

एक सावधगिरी मात्र हवी. चिठ्ठीवर निदान ठाम लिहिले तर वाचणाऱ्याची नजर तेवढ्यापुरतीच राहू शकते. वयस्क धूम्रपान करणाऱ्याच्या कुशीतले अचानक दुखणे कधीकधी खड्याचे नसून पोटातील फुगलेल्या महाधमनीचे असते. म्हणून आधी लक्षणे लिहावीत, मग संशय, आणि संशयापुढे प्रश्नचिन्ह. शिवाय चिठ्ठी कितीही चांगली असली तरी सीटीला मर्यादा आहेतच. मूत्राशयातील बारीक, सपाट गाठ तिच्यात सुटू शकते. दुसऱ्या रुग्णाची सीटी निर्दोष आली तरी दुर्बिणीने तपासणी करावीच लागते.

कारण लिहिण्याची शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा राज्याने १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आज गर्भवतीची सोनोग्राफी कशासाठी, हे ‘फॉर्म एफ’मध्ये नोंदवल्याशिवाय करता येत नाही. तिथे कायद्याच्या धाकाने जे लिहिले जाते, ते सीटीच्या चिठ्ठीवर रुग्णासाठी लिहिले जायला हवे. सरकारी रुग्णालयांच्या छापील चिठ्ठीवर ‘तक्रार व काळ’, ‘संशय’ आणि ‘डॉक्टरांचा फोन’ असे तीन रकाने असावेत. ते कोरे असतील तर यंत्र सुरू करण्याआधी फोन करण्याची मुभा तंत्रज्ञाला असावी. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत लिहायला वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण दोन ओळींना अर्धा मिनिट लागतो, तर चुकीच्या सीटीमागे रुग्णाचा आणखी एक दिवस जातो.

रुग्णालाही काही पाहता येते. निघण्याआधी चिठ्ठीवर आपली तक्रार लिहिली आहे का, हे विचारावे. अहवाल हाती आल्यावर वरच्या ओळी पाहाव्यात. तिथे तपासणीचे कारण आणि ती कशी केली, हे दिलेले असते. वेदनेशिवाय रक्त जात असताना तिथे ‘प्लेन’ असा शब्द दिसला तर अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी तो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.