पंधरा हजारांचा कर्मचारी मालकाला प्रत्यक्षात किती रुपयांना पडतो?

छोट्या व्यावसायिकाने नवा माणूस कामावर घेताना वेतनाला बाराने गुणून वर्षाचा खर्च काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. दरमहा १५,००० रुपयांचा कर्मचारी म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार रुपये, असा हा हिशेब असतो. ठरावीक आकाराच्या आस्थापनेत मात्र कायदेशीर देणी मिळवल्यावर हाच आकडा सुमारे २ लाख ३१ हजारांवर जातो. सुट्या वजा करून प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजले, तर मनात धरलेला रोजचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. याहून महत्त्वाची बाब अशी की, एका कर्मचाऱ्याचा खर्च त्याच्या वेतनाइतकाच तो कितव्या क्रमांकाचा कर्मचारी आहे यावरही ठरतो.

पुण्यातील एका घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे २२ कर्मचारी आहेत आणि तो तेविसावा नेमू इच्छितो. वेतन १५,००० रुपये असून ते पूर्णपणे मूळ वेतन आणि महागाई भत्ता या स्वरूपात आहे. त्या कामासाठीचे किमान वेतन दरमहा १३,००० रुपये आहे, असे गृहीत धरू.

चार देणी, चार वेळा

पहिले देणे भविष्य निर्वाह निधीचे. मालकाचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. त्याखेरीज ठेव संलग्न विम्यासाठी अर्धा टक्का आणि प्रशासकीय आकार अर्धा टक्का धरून दरमहा १,९५० रुपये होतात. वर्षाचे झाले २३,४०० रुपये. कर्मचाऱ्याचा १२ टक्के वाटा त्याच्याच वेतनातून कापला जातो, त्यामुळे तो मालकाच्या खर्चात धरायचा नाही.

दुसरे देणे राज्य कर्मचारी विमा योजनेचे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. येथे ती रक्कम वर्षाला सुमारे ५,८५० रुपये होते.

ही दोन्ही देणी दरमहा भरायची असल्याने ती नजरेआड होत नाहीत. गफलत होते ती पुढच्या दोन देण्यांत. किमान बोनस ८.३३ टक्के आहे आणि तो ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर मोजतात. अनेक व्यावसायिक अजूनही ७,००० रुपयांवरच हिशेब करतात आणि दिवाळीच्या तोंडावर अडचणीत येतात. या उदाहरणात १३,००० रुपयांवर वर्षाचा बोनस १२,९९५ रुपये होतो. जुन्या आस्थापनेला तो नफा झाला नाही तरी द्यावा लागतो. नव्या आस्थापनेला पहिल्या पाच वर्षांत केवळ नफ्याच्या वर्षीच तो लागू होतो.

चौथे देणे ग्रॅच्युइटीचे, म्हणजेच उपदानाचे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन, आणि महिन्याचे दिवस २६ धरून, ही रक्कम ८,६५४ रुपये होते. नियमित कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, त्यामुळे तोवर पैसा हातातून जात नाही. परंतु जबाबदारी दरवर्षी वाढत असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरच उपदानाचा हक्क मिळतो. त्यामुळे ‘पुढचे पुढे पाहू’ हे धोरण आता पूर्वीइतके सोयीचे राहिलेले नाही.

चारही देण्यांची बेरीज ५०,८९९ रुपये होते. ती ठरलेल्या वेतनाच्या २८ टक्के आहे.

कामाचे दिवस किती?

वेतन वर्षभराचे असले, तरी काम वर्षभराचे नसते. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या वजा केल्यास ३१३ दिवस उरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठ सणांच्या भरपगारी सुट्या आणि आठ नैमित्तिक रजा द्याव्या लागतात. शिवाय कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, ती साधारण १४ दिवस होते. उरतात २८३ दिवस.

१५,००० रुपयांना २६ ने भागून मालक रोजचा खर्च ५७७ रुपये धरतो. प्रत्यक्षात २ लाख ३० हजार ८९९ रुपयांना २८३ ने भागले असता तो ८१६ रुपये येतो. मालाची किंमत किंवा सेवेचा दर ठरवताना ५७७ चा आकडा वापरला, तर रोजच्या २३९ रुपयांची तूट नफ्यातून भरून निघत राहते आणि तिचे कारण वहीत कोठेच दिसत नाही.

विसाव्या माणसाची किंमत

भविष्य निर्वाह निधी आणि बोनस ही दोन्ही बंधने २० कर्मचाऱ्यांपासून लागू होतात. विमा योजना आणि उपदान यांसाठी ही संख्या दहा आहे. समजा, त्याच व्यापाऱ्याकडे याच वेतनावरचे १९ कर्मचारी आहेत आणि तो विसावा नेमतो. त्या क्षणी केवळ विसाव्याचा निधी भरून भागत नाही. आधीच्या १९ जणांचाही निधी आणि बोनस द्यावा लागतो. प्रत्येकी ३६,३९५ रुपये धरल्यास तो बोजा वर्षाला ६ लाख ९१ हजार ५०५ रुपये होतो. पुढे संख्या पुन्हा १९ वर आली, तरी निधीचे बंधन सुटत नाही.

ही सीमा अनेकदा मालकाच्या नकळत ओलांडली जाते. निधीसाठी संख्या मोजताना कंत्राटदारामार्फत आलेला पहारेकरी आणि सफाई कामगारही धरले जातात. हजेरीपटावर १८ नावे असलेली आस्थापना अशा दोघांमुळे विसाच्या घरात पोहोचते. हे तपासणीत उशिरा उघड झाले, तर मागील काळाची वर्गणी व्याजासह भरावी लागते. त्या काळातील कर्मचाऱ्यांचा वाटा वेतनातून कापलेला नसतो आणि तो नंतर सहसा कापताही येत नाही. त्यामुळे १२ टक्क्यांऐवजी २४ टक्के मालकाच्याच खिशातून जातात.

सवलतीची अट

केंद्र सरकारची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना या खर्चाचा काही भाग उचलते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातील अतिरिक्त नेमणुकांसाठी ती आहे. दहा ते वीस हजार रुपयांच्या वेतनगटात मालकाला प्रतिकर्मचारी दरमहा २,००० रुपये दोन वर्षे मिळू शकतात. वर्षाचे २४,००० रुपये म्हणजे निधीचा सगळा खर्च भरून निघतो. परंतु ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेला किमान दोन अतिरिक्त माणसे नेमावी लागतात आणि ती किमान सहा महिने टिकावी लागतात. एकच माणूस नेमणाऱ्याला यातून काहीही मिळत नाही.

म्हणून तेविसावा माणूस घेऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्यापुढील खरा प्रश्न १५,००० रुपये परवडतात का, हा नाही. दरमहा १९,२४२ रुपये परवडतात का, आणि चोविसाव्याचीही गरज असेल तर दोघांना एकत्र नेमावे का, हा तो प्रश्न आहे. एकोणीस जणांवर थांबलेल्या व्यापाऱ्याला मात्र आधी पाहावे लागेल की विसाव्या माणसामुळे वाढणारा धंदा वर्षाला सुमारे नऊ लाख बावीस हजारांचा अधिक खर्च पेलू शकतो का.