‘मुद्दा तर खराच आहे ना?’ हे आता पुरे

गेल्या वर्षी आमच्या गटाने एक पोस्टर काढलं. ‘आपल्या प्रभागावर वर्षभरात फक्त १६ लाख १५ हजार!’ खाली शेजारच्या प्रभागाचा आकडा कोटींत. मोहल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर ते फिरलं. चार दिवसांनी पालिकेतल्या एका अभियंत्याने आमच्यातल्या एकासमोर एकाच रस्त्याची वर्क ऑर्डर ठेवली, १ कोटी ८५ लाखांची. आमचं वर्षभराचं ‘एकूण’ त्या एका रस्त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतं.

त्या रात्रीच्या बैठकीत दोन मतं निघाली. एक, पालिकेने मुद्दाम गोंधळात टाकणारी कागदं दिली. दुसरं, आणि हे जास्त जणांचं, की आकडा चुकला असेल, पण मुद्दा तर खराच आहे ना? मला या दोन्हींवर बोलायचं आहे, कारण तो तक्ता बनवायची पद्धत मी ठरवली होती.

माहिती अधिकारात आलेली उत्तरं वेगवेगळ्या विभागांची होती. रस्ते विभागाने लिहिलं १.८५ आणि तक्त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात कंसात ‘रु. कोटीत’. गटाराचं काम ४२.६० आणि कब्रस्तानाची संरक्षक भिंत २८.००, ही दोन्ही ‘रु. लाखांत’. शाळेची दुरुस्ती ९,७५,००० आणि पथदिवे ६,४०,०००, हे पूर्ण रुपयांत. एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक कागद स्वतःपुरता बरोबर होता.

कागदांवरून गूगल शीट भरायला तिघं बसले होते. एका मुलीने रकान्यात ‘१.८५ कोटी’ असं लिहिलं, आणि मी तिला थांबवलं. रकान्यात अक्षरं असली की ती नोंद मजकूर ठरते आणि `SUM` तिला गुपचूप वगळतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी सांगितलं, ‘रकान्यात फक्त आकडा टाक, शब्द नको.’ तिने बिचारीने ‘कोटी’ पुसलं. एककाची जी एकमेव खूण कागदावरून शीटपर्यंत पोचली होती, ती मीच काढून टाकायला लावली. नोंद वगळली जाऊ नये म्हणून मी ती १ रुपया ८५ पैशांची करून बसलो.

बेरीज आली १६,१५,०७२.४५. खरी बेरीज २,७१,७५,०००.

आता हे का पकडलं गेलं नाही ते बघा. रमजानच्या रेशन किटच्या यादीत आमच्याकडून हीच चूक आधी झाली होती. तांदूळ ५, आटा ५, साखर १, चहा २५०, मसाला २००, आणि एका किटचं वजन आलं ४६१ किलो. सगळे हसले, एका मिनिटात दुरुस्त झालं, खरं वजन ११ किलो ४५० ग्रॅम. तिथे लहान एककाचे मोठे आकडे किलोंच्या रकान्यात घुसले होते, म्हणून बेरीज फुगली आणि वेड्यासारखी दिसली. पालिकेच्या तक्त्यात उलटं झालं. मोठ्या एककाचे छोटे आकडे रुपयांच्या रकान्यात आले आणि विरघळून गेले. रस्ता, गटार आणि भिंत मिळून बेरजेत ७२ रुपये ४५ पैसे होते. उरलेले १६ लाख मात्र अगदी शहाण्यासारखे दिसत होते.

आणि आम्हाला हवे तसे दिसत होते, हे जास्त कडू आहे. आपल्या वस्तीला कमी मिळतं, हे लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं. १६ लाख पाहून कोणालाच धक्का बसला नाही. हाच आकडा १६० कोटी आला असता तर आम्ही रात्रभर कागद तपासले असते.

खरं तर तपासायला रात्र लागत नव्हती. बेरजेच्या शेवटी ४५ पैसे होते. मंजूर कामांच्या रकमा हजारांत जाणाऱ्या असताना पैसे आले कुठून? दुसरी खूण, रकाना लहानाकडून मोठ्याकडे लावून बघायचा. १.८५, २८, ४२.६०, आणि मग एकदम ६,४०,०००. मध्ये काहीच नाही. एवढी दरी दिसली की दोन एककं एका रकान्यात आहेत असं धरूनच चालायचं. आणि सगळ्यात सोपं, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. ‘रस्त्याचं काँक्रीटीकरण, एक रुपया पंच्याऐंशी पैसे’ असं कोणी वाचलं असतं तर पोस्टर निघालंच नसतं.

माझी मूळ चूक मात्र पद्धतीची होती. कामावर मी पैशांची रक्कम नेहमी पैशांतच, पूर्णांकात साठवतो, आणि मोहल्ल्याच्या कामात तीच शिस्त घरी ठेवून आलो. आता आमच्या शीटमध्ये तीन रकाने असतात. कागदावर आहे तसा आकडा, त्याशेजारी एकक (यादीतूनच निवडायचं, टाइप करायचं नाही), आणि रुपयांचा रकाना, ज्यात कोणी हाताने काही लिहीत नाही.

```
=B2*IFS(C2="रुपये",1,C2="हजार",1000,C2="लाख",100000,C2="कोटी",10000000)
```

एकक रिकामं राहिलं तर त्या ओळीत `#N/A` येतं आणि खालची बेरीजही `#N/A` होते. एकाने मला विचारलं, भाई, हे लाल लाल जाऊ दे ना कसंतरी. नाही. एकक नसलेल्या आकड्याची बेरीज होता कामा नये, ती अडायलाच हवी. मात्र कोणी लाखाच्या जागी कोटी निवडलं तर हे सूत्र काहीच बोलणार नाही. तिथे मोठ्या दोन-तीन कामांची वर्क ऑर्डर मागवून ताडून बघण्याला पर्याय नाही.

राहिला पालिकेच्या कारस्थानाचा मुद्दा. वेगवेगळी एककं ही सरकारी कागदांची जुनी सवय आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात खर्चाचे तक्ते कोटींत असतात आणि मंत्रालयांच्या तपशीलवार मागण्या हजारांत. तीच योजना दोन ठिकाणी दहा हजार पटींनी वेगळी दिसते. ही सवय वाईट आहे, नागरिकाला छळणारी आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण एकक कोपऱ्यात लिहिलेलं होतं. ते टाकून दिलं आम्ही. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) नुसार माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपात द्यायची असते. ‘सर्व रकमा पूर्ण रुपयांत द्याव्यात’ एवढी एक ओळ अर्जात लिहायला आम्हाला कोणी अडवलं नव्हतं. आता लिहितो. त्यांना ते जमत नसेल तर तसं कारणासह लेखी येऊ दे.

आणि ‘मुद्दा तर खराच’ म्हणणाऱ्यांनो, कोणता मुद्दा? दुरुस्त तक्ता समोर ठेवल्यावर दिसलं की २ कोटी ७१ लाखांपैकी १ कोटी ८५ लाख, म्हणजे दोन तृतीयांशाहून थोडे जास्त, त्या एका रस्त्यावर गेले. तो रस्ता प्रभागाच्या हद्दीवरून जातो, आमच्या गल्ल्यांना फक्त एका कडेने लागतो. पूर्ण खर्च आमच्या खात्यावर. आमच्या शाळेला मिळाले पावणेदहा लाख. हद्दीवरच्या कामाचा खर्च कोणत्या प्रभागात धरायचा, हे कोण ठरवतं? हा प्रश्न आमच्या हातातल्या कागदांत पहिल्या दिवसापासून होता. १६ लाखांच्या पोस्टरने तो झाकून टाकला.

तोच प्रश्न घेऊन मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या अभियंत्याकडे गेलो. त्याने पहिली पाच मिनिटं जुन्या पोस्टरवरच घालवली.